जिनिंगवरची खिचडी भाषा: व्याकरण घालतं कोण, लेकरं का मोठी माणसं?

दिवाणजी_रेचेवाला
राजेहो, एक विचारायचं होतं. पांढरकवड्याकडं एका जिनिंगवर मी दिवाणजी आहे. सीझनले रेच्यावर तेलंगणाचे, बिहारचे, कोलाम, गोंड अन् आपले असे सगळे मजूर असतात आणि आपसात मोडकीतोडकी हिंदी-मराठी बोलतात. अशी पिजिन पुढं क्रेओल म्हणजे पक्की भाषा होते असं ऐकलं. मंग तिच्यात व्याकरण टाकतं कोण, लेकरं की मोठी माणसं?

धानपट्टी
लेकरं. यात वाद कायचा. हवाईचं उदाहरण घ्या, उसाच्या मळ्यांवर चिनी, पोर्तुगीज, जपानी, मग कोरियन, फिलिपिनो असे मजूर आणले, कोणाची भाषा कोणाले येत नाही, मग इंग्रजी शब्द घेऊन कसंतरी काम चालवलं. बिकरटन नावाच्या भाषावाल्यानं १९७० च्या दशकात म्हाताऱ्या मजुरांचं बोलणं टेप केलं तर जपानी माणूस क्रियापद शेवटी ठेवून राह्यला, फिलिपिनो क्रियापद आधी ठेवून राह्यला, म्हणजे ज्याचं त्याचं घरचं वळण. अन् तिथंच जन्मलेल्यांची भाषा बघा तर एकसारखी. झालेल्या गोष्टीले 'वेन', चालू असलेल्या गोष्टीले 'स्टे', पुढच्या गोष्टीले 'गो', सगळे क्रियापदाच्या आधी, ठरल्या जागी. आईबाप हे असं बोलतच नव्हते तर पोरांनी आणलं कुठून? डोक्यातून. माणसाच्या लेकराच्या डोक्यात व्याकरणाचा साचा जन्मतःच असतो, बायोप्रोग्राम म्हणायचा तो त्याले.

वऱ्हाडी_पोट्टा
थांब थांब. 'स्टे' म्हणजे राहणे ना? "आय स्टे ईट" म्हणजे "मी खाऊन राह्यलो"?? अरे हे तर आपलंच झालं बे 😂 पुण्यावाले "खातोय" म्हणतात, आपण "खाऊन राह्यलो". म्हणजे वऱ्हाडीबी क्रेओलच आहे!
आणि हेच मी शाळेत "मले" म्हटलं की एक मास्तर सगळ्या वर्गासमोर हसायचा, अशुद्ध आहे म्हणे. चौथीत दोन महिने तोंडच उघडलं नाही मी. त्याले आता सांगायले पाहिजे.

हळदगाठ
मास्तराचं बाजूले ठेवा. मला तर हे सगळं फुगवलेलं वाटतं. जिनिंगवरची भाषा म्हणजे अर्धवट हिंदी, बस. मजुरांचे पोरं शाळेत जातील, नीट हिंदी नाहीतर मराठी शिकतील, विषय संपला.

तूरदाळ
वर्धेत भाषाशास्त्रात एमए केलं, आता आर्वीकडं शेती आणि ट्यूशन, म्हणून थोडं लांब लिहिते, सांभाळून घ्या.

हवाईची गोष्ट अर्धी बरोबर आहे. म्हाताऱ्यांचं बोलणं विस्कळीत होतं हे खरं. पण सारा रॉबर्ट्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नंतर हवाईची जुनी कागदपत्रं चाळली तर वेगळंच दिसलं. तिथं जन्मलेली पहिली पिढी घरी आईबापाची भाषाही बोलायची, म्हणजे ती काही भाषेशिवाय उघड्यावर पडलेली लेकरं नव्हती. आणि नवीन व्याकरण ठाम झालं ते त्यांच्याही पोरांच्या पिढीत. एका घरात एका रात्रीत काही झालं नाही.

मला वाटतं यापेक्षा चांगली केस पापुआ न्यू गिनीची, कारण तिथं ही गोष्ट घडताना कोणीतरी टेप केली. तिथं आठशेच्या वर भाषा आहेत. १८८० च्या सुमारास मळ्यांवर गेलेल्या मजुरांनी जी पिजिन आणली ती गावोगाव पसरली, तिचं नाव टोक पिसिन. बरेच वर्षं ती कोणाचीच आईची भाषा नव्हती. मग लाय नावाच्या शहरात वेगवेगळ्या गावचे नवराबायको एकत्र आले, त्यांच्यात एवढीच भाषा सामाईक, घरात तीच, आणि पोरांना तीच पहिली भाषा. १९७१ मध्ये जिलियन सँकॉफ यांनी अशा घरांतल्या आईबापांचं आणि पोरांचं बोलणं रेकॉर्ड केलं, सुझान लाबेर्ज सोबत होत्या, लेख १९७३ चा.

त्यांनी एकच शब्द धरला. इंग्रजीत 'बाय अँड बाय' म्हणजे थोड्या वेळानं. पिजिनमध्ये तो 'बाइंबाइ' झाला. वाक्याच्या सुरुवातीला लावायचा, "बाइंबाइ मी गो", म्हणजे "मंग मी जातो". आपला 'मंग' समजा. सांगायची गरज असेल तेव्हाच लावायचा, नाहीतर नाही.

पुढं तो घासला, नुसता 'बाइ' राहिला. मग क्रियापदाजवळ सरकला. 'मी', 'यू' असलं की त्याच्या आधी, "बाइ मी गो". पण 'तो' असला किंवा माणसाचं नाव असलं की बहुतेक त्याच्या नंतर, "एम बाइ गो". आणि खरी गंमत पुढं आहे, "उद्या" आधीच सांगून झालेलं असलं तरी लावायचा, एकदा नाही, पुढच्या प्रत्येक क्रियापदाला.

आपल्यात करून बघा. आज आपण म्हणतो "उद्या मी जातो, मंग बाजार करतो". समजा 'मंग' घासून नुसता 'म' झाला आणि लोक म्हणायला लागले "उद्या मी म जा, बाजार म कर, राती म ये". आता त्या 'म' चा अर्थ 'नंतर' उरला का? उद्या तर सांगितलंच आहे. तो आता आपल्या 'जाईल' मधल्या 'ल' सारखा झाला, नाही लावला तर वाक्य लंगडं वाटतं. शब्दाचं व्याकरण झालं हे असंच ओळखायचं. तो आखूड होतो, जागा पक्की होते, अर्थाची गरज नसतानाही येतो, आणि बोलताना त्याच्यावर जोर राहत नाही.

@धानपट्टी, आता तुमचा मुद्दा. हे सगळं आईबापांच्या बोलण्यातही सापडलं, ज्यांची ती दुसरी भाषा होती त्यांच्या. आखूड केलेला 'बाइ', क्रियापदाजवळची जागा, पुन्हापुन्हा लावणं, सगळं. मग पोरांनी काय केलं? त्यांनी त्याच्यावरचा उरलासुरला जोर काढला. त्यांच्या तोंडी तो इतका हलका की कधीकधी नुसता 'ब' ऐकू येतो, पुढच्या शब्दाला चिकटलेला. मोठ्यांनी पायवाट पाडली होती, पोरं तिच्यावरून पळाली.

धानपट्टी
ठीक आहे, टोक पिसिन जुनी होती, सत्तर-ऐंशी वर्षं मोठ्यांनीच घोटली होती, म्हणून तिथं मोठ्यांचा हात दिसतो. जिथं मोठे नव्हतेच तिथलं सांगा. निकाराग्वा. मुक्याबहिऱ्या पोरांची शाळा, १९७७ च्या आसपास मानाग्वात. आधी ती पोरं आपापल्या घरी एकटी, घरचे खाणाखुणा करायचे तेवढंच. शाळेत मास्तर ओठांवरून स्पॅनिश शिकवायले गेले, ते काही जमलं नाही. पण मधल्या सुट्टीत, बसमधे पोरांनी स्वतःची खुणांची भाषा बनवली. आता इथं कोणते मजूर, कोणता मळा?

तूरदाळ
हे वजनदार आहे, मान्य करते. तिथं एक गोष्ट स्पष्ट दिसते. पहिले आलेले खुणा समोर हवेत करायचे. नंतरच्या वर्षांत लहानपणी आलेली पोरं खूण एका बाजूला सरकवून करायला लागली, आणि दोन खुणा एकाच बाजूला केल्या म्हणजे त्या एकाच माणसाबद्दल आहेत. म्हणजे 'दिलं' आणि 'कोणाला दिलं' हे जागेनं बांधलं. तीच भाषा मोठेपणी शिकलेल्यांना ते तेवढं नाही जमलं. तेव्हा लहान वयाचा हात आहेच.

पण तुम्हीच म्हणालात, घरी एकटी असताना खाणाखुणा तेवढ्या. डोकं तर तेच होतं ना? साचा जन्मतःच पूर्ण असता तर एकेका घरात एकेक पूर्ण भाषा निघाली असती. ती निघाली शाळेत पोरं एकत्र आल्यावर, आणि एका खेपेत नाही, आधीच्यांचं बघून नंतरच्यांनी घट्ट केलं.

धानपट्टी
एकटं बियाणं डब्यात उगवत नाही म्हणून बियाण्यात काही नसतं असं होते का? माती लागते म्हणजे झाड मातीनं बनवलं असं नाही. माझं मत तेच.

तूरदाळ
बियाण्याची उपमा चांगली आहे, पण बियाण्यात कपाशी आहे की तूर हेही लिहिलेलं असतं. क्रेओलमध्ये तेवढं लिहिलेलं दिसत नाही, आजूबाजूच्या भाषांतून बरंच येतं. टोक पिसिनमध्ये आपल्या 'आपण' आणि 'आम्ही' सारखा फरक आहे. 'यूमी' म्हणजे तू धरून आपण सगळे, 'मीपेला' म्हणजे तुला सोडून आम्ही. शब्द इंग्रजीचे आहेत, पण इंग्रजीत हा फरकच नाही. मजुरांच्या आपल्या भाषांत होता, त्यांनी इंग्रजी शब्द घेऊन तो परत उभा केला.

वऱ्हाडी_पोट्टा
तूरदाळ ताई, माझं राहूनच गेलं. वऱ्हाडी क्रेओल आहे का नाही?

तूरदाळ
'राहणे' चं 'चालू आहे' होणं हे कुठंही होतं, हिंदीचा 'रहा' तोच. त्यावरून क्रेओल ठरत नाही. क्रेओल ठरते इतिहासावरून, मधे अशी वेळ आली होती का की लोकांत सामाईक भाषाच नव्हती. वऱ्हाडीबद्दल तसं काही दिसत नाही, आईकडून लेकराकडं नीट चालत आली आहे. हं, साउथवर्थ या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये असं मांडलं होतं की मराठीच मुळात द्राविडी बोलणारे आणि प्राकृत बोलणारे यांच्या अशा सरमिसळीतून आली असेल. सगळ्यांना पटलेलं नाही, पण विचार करायला भारी आहे. आणि मास्तर चुकलाच होता, त्याला क्रेओलची साक्ष लागत नाही.

हळदगाठ
मग दिवाणजींच्या जिनिंगचं काय? का फक्त पापुआच फिरवणार.

तूरदाळ
तिथं तुमचं बरोबर असू शकते. मजूर चार-पाच महिने राहतात, परत गावी जातात, पोरांना घरची भाषा आहेच. लायसारखं एक घर, दोन भाषा आणि तिसरी सामाईक असं व्हायला पाहिजे. दिवाणजी, रेच्यावर असं लग्न झालेलं कोणी आहे का? आणि ते 'बाद में' किंवा 'मंग' कसं लावतात ते ऐका.

दिवाणजी_रेचेवाला
आहे ना! एक आदिलाबादकडचा माणूस आणि आमच्या इथली कोलाम बाई, दोघं गाठी बांधायच्या प्रेसवर. पोरगी सहा-सात वर्षांची. कालच काट्याजवळ म्हणून राह्यली होती, "कल बाद मैं जाता, बाद सरकी में खेलता, बाद मम्मी आता". मी हसलो होतो तेव्हा. आता तुमचं वाचून अंगावर काटा आला.

तूरदाळ
तिन्ही वेळा 'बाद'? आणि 'कल' आधीच सांगितलेलं? पण पहिलं जाणं, मग खेळणं असा क्रम सांगत असेल तर ते नुसतं 'नंतर' ही असू शकते, लगेच उडी मारू नका. जिथं नंतरचा प्रश्नच नाही तिथं लावते का बघा, "उद्या काय करशील" एवढंच विचारा. आणि आई काय म्हणते तेही ऐका, पोरीच्या आधी आईच्या तोंडात असेल तर धानपट्टीला दाखवायला बरं.

धानपट्टी
आणि आईच्या तोंडात नसेल तर तूरदाळले 😄

दिवाणजी_रेचेवाला
विचारतो. पण कापूस आता संपतच आलाय, होळीले ते लोक गावी जातात. पुढच्या सीझनले याच जिनिंगवर येतील का ठेकेदार दुसरीकडं नेतो, काही सांगता येत नाही.