मदत हवी आहे: वकिलाविरुद्धची तक्रार मागे घेतली तर चौकशी थांबते का?

आत्याच्या भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे 4 लाख वकिलांनी कोर्टातून उचलले आणि सात महिने तिला कळवलंच नाही. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणं वकिलांवर बार कौन्सिलच्या नियमांनी बंधनकारक आहे. म्हणून आम्ही अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली. प्रकरण आता तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे आहे. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते, किंवा नाव कायमचं कमी करू शकते.

आता वकीलसाहेब म्हणतात, "ताई, पैसे देतो, तक्रार मागे घ्या." आत्या तयार आहे. (तिला पैसे हवेत, त्यांची सनद नको!) पण केवळ तडजोड झाली किंवा तक्रार मागे घेतली म्हणून चौकशी बंद होत नाही, असं नियमात वाचलं.

मग पैसे घेऊन नुसती पावती द्यावी का? समितीला कसं कळवायचं? पैसे परत केल्यावर शिक्षा सौम्य होते का? एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण दिल्लीला भारतीय बार कौन्सिलकडे जातं, तेव्हा आत्याला तिकडे जावं लागतं का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.