मदत हवी आहे: डेटा एंट्रीच्या रोजच्या कामाला गुण कसे द्यावेत?

आमच्याकडे ऑपरेटर रुग्णांचे हस्तलिखित केसपेपर टाइप करतात. एकाचे दिवसाला साधारण १२० फॉर्म होतात, प्रत्येकी २० रकाने. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ असे प्रत्येकी ५ फॉर्म चिठ्ठ्या टाकून निवडते आणि मूळ कागदाशी ताडते. म्हणजे ३०० रकाने. त्यात ३ चुका म्हणजे १ टक्का. पण उद्या ६ निघाल्या तर काम बिघडलं की निव्वळ योगायोग? एवढ्या नमुन्यावर ते सांगता येत नाही, म्हणून गुण आठवड्याचे एकत्र करून द्यावेत असं वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. पत्त्यातला ऱ्हस्व-दीर्घ आणि औषधाच्या मात्रेतला चुकलेला दशांश चिन्ह एकाच मापाने कसे मोजायचे? शिवाय गिचमिड अक्षरांचा गठ्ठा ज्याच्या वाट्याला येतो, त्याचा वेग उगाच कमी दिसतो. तुम्ही हे कसं जुळवता?