मदत हवी आहे: वहीच्या तिरक्या फोटोतलं समीकरण, 1 आहे की 7, अधिक की वजा?

दहावीचा_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलगा तापामुळे चार दिवस शाळेत गेला नाही. दोन चलांतील रेषीय समीकरणांचा गृहपाठ उद्या तपासायचा आहे. मित्राने वहीचा फोटो पाठवला, पण तो उजव्या बाजूने, अगदी तिरका काढलाय. उजवीकडचे आकडे स्वच्छ दिसतात आणि डावीकडे पान शिवणीत शिरतं तिथे सगळं दाटलंय. तो फोन मित्राच्या वडिलांचा, ते रात्रपाळीला गेलेत, त्यामुळे आता विचारायची सोय नाही.

पहिलं उदाहरण मी असं वाचलं:

```
1x + 4y = 13
3x + 5y = 19
```

x च्या आधी उभी रेघ आहे म्हणून 1 धरला. x आणि 4y यांच्यामध्ये नुसता ठिपका दिसतो, तो पुसट झालेला अधिक असावा असं मानलं. सोडवल्यावर x = 11/7 आणि y = 20/7 आलं. मुलगा म्हणतो, "बाबा, आमच्या बाई असली उत्तरं देत नाहीत." कुठे चुकतंय?

सरळरेषा:
दादा, काहीच चुकलेलं नाही. मी ताळा करून पाहिला. पहिल्यात 11/7 + 80/7 = 91/7, म्हणजे 13. दुसऱ्यात 33/7 + 100/7 = 133/7, म्हणजे 19. दोन्ही समीकरणं जुळतात. उत्तर बरोबर आहे, बिनधास्त लिहू द्या.

दहावीचा_बाबा:
ताळा मीही केला होता, म्हणूनच गोंधळलो. माझा प्रश्न फोटो नीट वाचलाय का हा आहे.

चौकटराजा:
उत्तर अपूर्णांकात आलं की समजायचं, वाचण्यात चूक आहे. शाळेच्या उदाहरणांत x आणि y पूर्णांकच येतात. चिन्ह बदलून बघा, आकडा बदलून बघा, पूर्णांक आले की तेच खरं समीकरण.

जुनी_गणितबाई:
चौकटराजा, शंका यायला अपूर्णांक पुरे, पण निवाडा करायला नाहीत. अपूर्णांकी उत्तरांची उदाहरणं वर्गात मी स्वतः घातली आहेत. आणि सरळरेषा, ताळ्याने एवढंच कळतं की लिहिलेलं समीकरण नीट सुटलं. वहीत तेच समीकरण होतं का, हे ताळा सांगू शकत नाही.

दहावीचे बाबा, आधी फोटोचा तिरकेपणा समजून घ्या. कॅमेरा उजवीकडून खाली झुकलेला असला की आडव्या रेघा आखडतात, उभ्या मात्र जवळपास तशाच राहतात. 7 ची वरची आडवी रेघ आखडली की 1 उरतो. वजाची रेघ आखडली की ठिपका उरतो. अधिकाच्या चिन्हाला उभी रेघही असते, ती अशी नाहीशी होत नाही. तुम्हाला उभी रेघ न दिसता नुसता ठिपका दिसला, म्हणजे तिथे वजा असण्याची शक्यता जास्त. शिवाय 1x असं सहसा कोणी लिहीत नाही, नुसतं x लिहितात.

ही झाली अटकळ. खात्री हवी तर खालच्या ओळी बघा. समीकरणाला गुणल्यावर तोच आकडा पुढच्या ओळीत वेगळ्या रूपात पुन्हा येतो. तिथे काय दिसतं ते जसंच्या तसं लिहा. दिसत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको.

दुसरीतला_पालक:
माझ्या मुलीच्या वहीतही 1 आणि 7 सारखेच दिसतात, दुसरीत आहे. हातचा घेताना रोज रडारड होते. ह्यासाठी चौकटीची वही घ्यावी का?

जुनी_गणितबाई:
घ्या, मोठ्या चौकटीची. आणि 7 च्या मधून आडवी काट मारायची सवय लावा. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

दहावीचा_बाबा:
बाई, स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. खाली असं आहे:

```
?5x ? 20y = 65
12x + 20y = 76
?7x = 141
```

पहिल्या ओळीत x च्या आधी दोन आकडे नक्की आहेत, दुसरा 5. त्याच्या आधीचा शिवणीत गेलाय. तिसऱ्या ओळीत 7 च्या आधीही काहीतरी आहे. त्याखाली फोटो कापलाय.

जुनी_गणितबाई:
एवढं पुरे आहे. 13 चे 65 झाले, म्हणजे पहिल्या समीकरणाला 5 ने गुणलंय. x चा सहगुणक 1 असता तर तिथे नुसतं 5x आलं असतं. तुम्हाला दोन आकडे दिसतात. 7 ला 5 ने गुणून 35. म्हणजे तो 7 आहे.

आता चिन्ह. शेवटी उजवीकडे 141 आहे. 65 आणि 76 यांची बेरीज 141, वजाबाकी केली असती तर 11 आले असते. मुलाने दोन ओळी मिळवल्या आणि 20y उडाले. दुसऱ्या ओळीत +20y आहे, तेव्हा पहिल्यात –20y असणारच. डावीकडे 35 + 12 = 47, तुमच्या ?7 शी जुळतं.

```
7x – 4y = 13
3x + 5y = 19
47x = 141, x = 3
21 – 4y = 13, y = 2
```

ताळा दुसऱ्या समीकरणात करा: 9 + 10 = 19.

दहावीचा_बाबा:
मुलाला जागं ठेवलं होतं, त्याने लगेच स्वतः सोडवून पाहिलं, 3 आणि 2 आले. मनापासून आभार, बाई. आता याच पानावरचं दुसरं उदाहरण. इथेही तोच घोळ आहे आणि खाली एकही ओळ दिसत नाही:

```
5x + 2y = 16
?x – 2y = 8
```

चौकटराजा:
7 घ्या. बेरीज केली की 12x = 24, x = 2, y = 3. पूर्णांक आले.

सरळरेषा:
पण 1 घेतला तरी 6x = 24, x = 4, y = –2. हेही पूर्णांकच. आता कोणतं धरायचं?

चौकटराजा:
खरंय. माझा नियम इथे उपयोगाचा नाही. पण बाईंनी सांगितलंच ना, 1x कोणी लिहीत नाही?

शिकवणीवाला:
माझ्याकडची बरीच मुलं लिहितात. क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक मांडताना सहगुणक विसरायला नको, म्हणून मीच त्यांना 1x लिहायला सांगतो. त्या मित्राची सवय काय, हे कोणाला माहीत?

बाकी, फोनच्या स्कॅनमध्ये पानाचे चार कोपरे धरून फोटो सरळ करून बघा.

दहावीचा_बाबा:
केलं. पान आयताकृती झालं, उजवीकडचे आकडे छान आले. डावीकडचे फक्त रुंद आणि धुरकट झाले.

जुनी_गणितबाई:
तसंच होणार. चार कोपऱ्यांनी सपाट पान सरळ होतं, शिवणीपाशी वळलेलं नाही. आणि फोटोतच न आलेला तपशील ताणून येत नाही. शिकवणीवाल्यांचं म्हणणंही मान्य, 1x वर मी फार भर द्यायला नको होता. पहिल्या उदाहरणात 35 ने निकाल लावला, इथे तसा आधार नाही. मुलाने दोन्ही वाचनं पेन्सिलने सोडवून ठेवावीत, शेजारी "फोटोत अस्पष्ट" असं लिहावं. सकाळी मित्राला वही पूर्ण उघडून, तळहाताने शिवण दाबून, बरोबर वरून फोटो काढायला सांगा.

दहावीचा_बाबा:
दोन्ही लिहून झालीत. मित्राचे वडील सकाळी सातला परततात, फोटो आला की इथे टाकतो.