मदत हवी आहे: सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स टेबलमध्ये कसे लिहू?

नमस्कार मंडळी, मी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद नुकतंच घेतलंय, आणि कमिटी मीटिंगच्या माझ्या नोट्स म्हणजे कोण काय बोललं ते सगळं सलग लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ हे बघा: "टाकी गळतेय, प्लंबर म्हणतो वॉटरप्रूफिंग करा, खजिनदार म्हणाले आधी तीन कोटेशन आणा, चेअरमन म्हणाले पावसाच्या आत व्हायला पाहिजे, ठीक आहे बघू."

यातून मी एवढं काढलं:

| निर्णय | काम | कोण | कधीपर्यंत |
|---|---|---|---|
| कामाआधी तीन कोटेशन घ्यायची | कोटेशन आणणं | ? | ? |

वॉटरप्रूफिंग मी निर्णयात घातलं नाही, कारण ते फक्त प्लंबरचं मत होतं, कमिटीने मंजूर केलेलं नाही. पण कोटेशन आणणार कोण हे कुणी बोललंच नाही, आणि "पावसाच्या आत" ही काही तारीख नव्हे, शिवाय ती कामाची मुदत आहे, कोटेशनची नाही.

अशा रिकाम्या जागी तुम्ही काय करता? मनाने नाव टाकलं तर पुढच्या मीटिंगला "मी कधी हो म्हटलं?" होणार, म्हणून "ठरायचंय" लिहून ड्राफ्ट सगळ्यांना पाठवावा की आधी फोन करून विचारावं? आणि ठरावाचे सूचक-अनुमोदक याच टेबलमध्ये घेता की वेगळे लिहिता? कुणाकडे तयार नमुना असेल तर प्लीज टाका.