बाळाच्या बाटल्या: पातेल्यात उकळणं पुरे की वाफेचं यंत्र हवंच?

वाघोलीची_आई
लेक तीन महिन्यांची आहे. अंगावरचं दूध पुरत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा पावडरचं दूध बाटलीने देते. भेट म्हणून इलेक्ट्रिक स्टीम स्टरिलायझर मिळालाय. सासूबाई म्हणतात, पातेल्यात उकळ, यंत्राचे चोचले कशाला. नवरा म्हणतो, बॉटल वॉशनेच जंतू जातात, तसं त्यावर लिहिलंय. त्यात यंत्र हल्ली लवकर बंद होतं, तळाशी पाणी उरतं आणि प्लेटवर पांढरा थर आलाय. एका बाटलीला तर धुऊन, वाफवूनही आंबूस वास येतो. सोसायटीत टँकरचं पाणी आहे. काय करू?

मिलिंद_कोथरूड
सासूबाईंचं ऐका. ही यंत्रं म्हणजे नव्या आईबापांच्या भीतीवर चाललेला धंदा आहे. आम्ही किटलीतलं उकळतं पाणी बाटलीत ओतायचो, झाकण लावून हलवायचो आणि फेकून द्यायचो. दोन्ही पोरं धडधाकट आहेत.

सिस्टर_निवृत्त
यंत्राशिवाय चालतं, हे मिलिंदरावांचं बरोबर. पण बाटलीत पाणी ओतून हलवणं म्हणजे उकळणं नव्हे. बाटलीत पडताच पाणी निवायला लागतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात निपलच्या आतल्या बाजूला, कॉलरच्या आट्यांत उष्णता पोचतच नाही. नवजात बाळांच्या विभागात नोकरी केली, तिथे सगळं बुडवूनच उकळायचो.

पातेलं खोल घ्या. तळाशी स्टीलची जाळी किंवा जुनी ताटली ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या बुडाला टेकणार नाही. बाटली, निपल, कॉलर, झाकण सगळं सुटं करून पाण्यात बुडवा. बाटली तिरपी धरून आतली हवा काढून टाका. हवेचा फुगा राहिला की बाटली वर तरंगते आणि वरचा भाग कोरडाच राहतो. वेळ मोजायची ती खळखळून उकळी फुटल्यावर. अमेरिकेतली सीडीसी ५ मिनिटं सांगते, ब्रिटनची आरोग्यसेवा किमान १०. मी १० सांगते, कारण घरात कुणी घड्याळ लावून उभं राहत नाही.

नवा_बाप_७
वरच्या ताईंचा नवरा म्हणजे मीच समजा, कारण माझंही तेच म्हणणं आहे. बॉटल वॉशवर "९९.९ टक्के जंतू नष्ट" असं छापलंय. मग त्याने धुऊन परत उकळायचं ते कशासाठी? एकच काम दोनदा?

सिस्टर_निवृत्त
दोन वेगळी कामं आहेत. साबण दुधाचा चिकट थर सोडवतो आणि वाहत्या पाण्याबरोबर तो निघून जातो. त्या थरासोबत बरेचसे जंतूही जातात, म्हणून धुणं हेच मुख्य काम. राहिलेल्यांना मारायला उष्णता. बाटलीला दुधाचा पापुद्रा तसाच असेल तर वाफ त्याला फक्त शिजवते. बॉटल वॉशवरचा दावा खरा धरला तरी तो ब्रश पोचला तिथपर्यंतच.

भांडी घासायचा साधा लिक्विडही चालतो, महागडाच हवा असं नाही. फक्त उग्र वासाचा नको. सिलिकॉनच्या निपलमध्ये वास मुरतो आणि मग बाळ तोंड फिरवतं.

आणि दूध पिऊन झालं की लगेच आधी गार पाण्याने बाटली विसळा. कडकडीत पाणी पहिल्यांदा टाकलं तर दुधातलं प्रथिन घट्ट होऊन काचेला किंवा प्लास्टिकला धरून बसतं. त्यानंतर गरम पाणी आणि साबण.

आरओवाला
आमच्याकडे आरओ आणि यूव्ही दोन्ही आहेत. पाणीच जंतूरहित असेल तर उकळायची भानगड कशाला? आरओच्या पाण्याने विसळलं की झालं.

सिस्टर_निवृत्त
प्रश्न बाटलीचा आहे हो, पाण्याचा नाही. जंतू दुधाच्या उरलेल्या अंशावर वाढतात. तो अंश तुमच्या आरओने निघत नाही.

पण आरओचा उपयोग इथे आहे, यंत्रासाठी. वाघोलीच्या ताई, तुमच्या यंत्राचं दुखणं मला पाणीच वाटतं. हे यंत्र कसं चालतं पाहा. मापाने पाणी घालायचं, साधारण ९० ते १०० मिली. प्लेट तापते, पाण्याची वाफ होते आणि सगळं पाणी आटलं की प्लेट एकदम जास्त तापते. तेवढ्यात तापमान ओळखणारी कळ यंत्र बंद करते. म्हणजे बऱ्याच यंत्रांत वेळ ठरवणारं खरं घड्याळ म्हणजे तेच पाणी.

टँकरचं, बोअरचं पाणी जड असतं. प्रत्येक खेपेला पाणी उडून जातं आणि क्षार प्लेटवर राहतात. तो पांढरा थर उष्णता अडवतो. मग पाण्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही, थराखाली प्लेट मात्र आधीच तापते. कळेला वाटतं पाणी संपलं, आणि ती वीज तोडते. तळाशी पाणी उरलंय, नेहमीपेक्षा लवकर बंद झालंय, ही त्याचीच खूण. बाटल्यांना वाफ कमी मिळते आणि दिवा मात्र "झालं" म्हणूनच लागतो.

लिंबूसत आणा. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा विरघळवून प्लेटवर ओता आणि अर्धा तास नुसतं ठेवा. चालू करू नका. थर मऊ पडला की मऊ कापडाने पुसा, तारेचा घासणा अजिबात नको. पाण्याने दोनदा धुवा आणि एकदा नुसतं पाणी घालून रिकामं चालवा. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणातही चालतं, पण वास बराच वेळ राहतो. नंतर यंत्रात आरओचं पाणीच घाला. प्लगचं बटण बंद करून, प्लग काढूनच हे करायचं, सांगायची गरज नसावी.

लीड्सची_मीनल
इथे थंड पाण्याची गोळीसुद्धा मिळते. पाण्यात विरघळवून बाटल्या अर्धा तास बुडवून ठेवायच्या, द्रावण २४ तासांनी बदलायचं. वीज नको, गॅस नको. आमच्या हेल्थ व्हिजिटर म्हणतात वर्षभर निर्जंतुक करत राहा, त्यामुळे मी तरी यंत्र सोडणार नाही. यंत्र लावून आंघोळीला जाता येतं, पातेल्यापाशी उभं राहावं लागतं.

न्यू_जर्सीतला_दादा
वर्षभर? आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, बाळ दोन महिन्यांचं झालं, वेळेवर जन्मलेलं आणि ठणठणीत असलं, तर रोज निर्जंतुक करणं गरजेचं नाही, नीट धुऊन पूर्ण वाळवलं की पुरे. कमी दिवसांची किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली बाळं वेगळी. आमचं मूल तिसऱ्या महिन्यात मूठ चोखतं, बाटली निर्जंतुक करून काय मिळवतो आपण?

लीड्सची_मीनल
मूठ चोखणं आणि दुधात तासन्‌तास वाढलेले जंतू पोटात जाणं यात फरक आहे ना. आणि तुमच्या नळाचं पाणी आणि वाघोलीचा टँकर एक का?

न्यू_जर्सीतला_दादा
टँकरचं मान्य. पण मग भीती घाला ती पाण्याची, सवयींची. यंत्राचं नाव नको.

स्तनपान_सखी
मुळात बाटलीच कशाला? वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलं वापरा. सरळ भांडं, कोपरे नाहीत, निपल नाही, ब्रश नाही. साबणाने घासायला सोपं, उकळायला सोपं. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दूध पावडर आणि फीडिंग बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, ती उगाच नाही.

वाघोलीची_आई
सखीताई, पटतं, पण मी पुढच्या महिन्यात कामावर जाणार. सासूबाई बोंडल्याने पाजायला तयार आहेत, पण मधल्या तीन तासांसाठी येणाऱ्या मुलीला ते जमणार नाही. बाटली सुटत नाही.

सिस्टर_निवृत्त
सखीताईंचं म्हणणं स्वच्छतेच्या दृष्टीने खरंच आहे, आम्ही वॉर्डात वाटी-चमच्यानेच पाजायचो. पण ज्यांच्या घरी बाटली आहे त्यांना बाटलीचंच सांगावं लागतं.

आणि एक गोष्ट इथे कुणी बोललंच नाही. पावडर स्वतः निर्जंतुक नसते. बाटली वाफवायची आणि पावडर कोमट पाण्यात कालवायची, तर अर्धी मेहनत फुकट. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पावडरवर पडणारं पाणी ७० अंशांपेक्षा कमी नसावं. किटलीत लिटरभर ताजं पाणी उकळून झाकून ठेवलं, तर अर्ध्या तासाच्या आत ते तेवढं गरम असतं. त्यात पावडर हलवा, मग बाटली नळाखाली धरून गार करा, मनगटावर थेंब टाकून पाहा आणि मगच पाजा. बाळाने तोंड लावलेली बाटली उरली तर तासाभरात ओतून टाका.

मिलिंद_कोथरूड
तासाभरात ओतून टाका! पावडरच्या डब्याची किंमत पाहिलीय का कुणी?

सिस्टर_निवृत्त
म्हणून कमी कालवायचं. लागलं तर दुसरी बाटली.

सातारची_सायली
वासाबद्दल सांगते. आमच्या बाटलीला तळाशी पोटशूळ टाळणारा व्हॉल्व्ह होता. त्याच्या रबरी चकतीखाली चाळणीसारखी छोटी भोकं असतात, तिथे ब्रश जातच नाही. चकती नखाने सोलून काढली तर खाली पिवळट लेप होता. ताईंची तशीच बाटली आहे का?

वाघोलीची_आई
हो, तीच निघाली! चकती काढता येते हेच माहीत नव्हतं, डब्यातल्या कागदावर चित्र आहे ते आत्ता दिसलं. खाली दह्यासारखं जमलेलं होतं. बारीक ब्रशने घासून वाहत्या पाण्याखाली धुतलं, वास गेला.

यंत्रही लिंबूसताने धुतलं. थर बराचसा निघाला, कडेला थोडा आहे. आरओचं पाणी घालून चालवलं, आता आधीपेक्षा बरंच उशिरा बंद होतं आणि तळाशी काही उरत नाही. नवऱ्याने विजेचा हिशोब काढला: यंत्र ५०० वॅटचं आहे, १० मिनिटं चाललं तर युनिटचा दहावा हिस्साही नाही. सासूबाईंनी मात्र गॅसवरचं पातेलं सोडलेलं नाही, वीज गेली तर म्हणून.

सिस्टर_निवृत्त
सासूबाई शहाण्या आहेत. बाटल्या वाफवल्यावर झाकण उघडं टाकू नका, आणि ओल्या बाटल्या फडक्याने पुसू तर अजिबात नका, स्वयंपाकघरातल्या फडक्याइतके जंतू दुसरीकडे नसतात. पाणी झटकून टाका. लगेच लागणार नसेल तर हात धुऊन निपल, कॉलर बसवून झाकण लावा. पाणी जड असेल तर आठवड्यातून एकदा यंत्र असंच लिंबूसताने धुवा. प्लेट पांढरी दिसायची वाट पाहू नका.

मिलिंद_कोथरूड
म्हणजे शेवटी यंत्राची निगा राखायला वेगळं काम लागलं. मी तर पातेल्यावरच आहे. १० मिनिटं मोजेन, एवढं कबूल.

नवा_बाप_७
सिलिकॉनची निपल किती दिवसांनी बदलायची? आमची जराशी धुरकट आणि चिकट झालीय. बॉटल वॉशनेच होतंय का?

सातारची_सायली
चिकट झाली म्हणजे बदला, दिवस मोजू नका. चिमटीत धरून ताणून पाहा, चिरली किंवा ताण सुटल्यावर तशीच लांब राहिली तर लगेच फेका. धुरकटपणा मात्र आमच्याही निपलला येतो, नवी असली तरी. त्याचं कारण कुणाला माहीत असेल तर सांगा.