मदत हवी आहे: व्हॉइस आणि नॅरेशनच्या पर्यायांत लपवलेला काळ कसा पकडायचा?

निळीशाई: नियम पाठ आहेत, तरी पर्याय समोर आले की शेवटच्या दोनांत अडकायला होतं. चारही वाक्यं सारखीच दिसतात, फरक एखाद्या सहायक क्रियापदाचा. हे दोन प्रश्न बघा.

"शी हॅज वॉटर्ड द प्लांट्स." याचं पॅसिव्ह:
(अ) द प्लांट्स हॅज बीन वॉटर्ड बाय हर
(ब) द प्लांट्स हॅड बीन वॉटर्ड बाय हर
(क) द प्लांट्स हॅव बीन वॉटर्ड बाय हर
(ड) द प्लांट्स वेअर वॉटर्ड बाय हर

शी सेज टू मी, "आय हॅव फिनिश्ड द वर्क." याचं इनडायरेक्ट:
(अ) शी टोल्ड मी दॅट शी हॅड फिनिश्ड द वर्क
(ब) शी टेल्स मी दॅट शी हॅज फिनिश्ड द वर्क
(क) शी टेल्स मी दॅट शी हॅड फिनिश्ड द वर्क

वाचताना नजर नेमकी कुठे ठेवायची?

वाटसरू: सोपं आहे. काळ एक पायरी मागे न्यायचा. हॅव, हॅजचं हॅड होतं. म्हणून पहिल्याचं (ब), दुसऱ्याचं (अ).

रेघोट्या: वाटसरू, पायरीचा नियम खरा आहे, पण तो फक्त नॅरेशनचा. व्हॉइस बदलताना काळ जराही हलत नाही. पेपर काढणारे नेमका हाच गोंधळ धरून पर्याय बनवतात.

निळीशाई, व्हॉइसच्या प्रश्नात शेवटचं 'वॉटर्ड' चारही पर्यायांत तेच आहे, ते सोडून द्या. मूळ वाक्यातलं मुख्य क्रियापद ज्या रूपात असेल, ते रूप पॅसिव्हमध्ये 'बी' घेतं. 'वॉज फ्लाइंग' असेल तर फ्लाइंगच्या जागी बीइंग, म्हणून 'वॉज बीइंग फ्लोन'. 'विल फ्लाय' असेल तर 'विल बी फ्लोन'. नुसतं 'फ्ल्यू' असेल तर 'वॉज फ्लोन'. तुमच्या वाक्यात 'हॅज वॉटर्ड' आहे, म्हणून वॉटर्डच्या जागी बीन आणि आधीचं हॅज वर्तमानातच राहणार. मात्र आता कर्ता प्लांट्स, अनेकवचन, म्हणून हॅजचं हॅव. उत्तर (क). (अ) मोह पाडतो, कारण प्रश्नातला 'हॅज' तिथे जसाच्या तसा दिसतो. वचन बदललं म्हणून काळ बदलला, असं समजून बरोबर पर्याय सोडू नका.

दुसऱ्या प्रश्नात आधी अवतरणाबाहेर बघा. तिथे 'सेज' आहे. 'सेज टू'चं 'टेल्स' होईल, 'टोल्ड' कधीच नाही. (अ) तिथेच बाद. बाहेरचं क्रियापद वर्तमानात असल्यामुळे आतला काळही हलत नाही, म्हणजे (क) पण गेला. उरला (ब).

वाटसरू: मान्य. म्हणजे बाहेर 'सेड' असेल तर मात्र आतलं सगळं मागे, बरोबर?

रेघोट्या: बहुतेक. आत आधीच 'हॅड फिनिश्ड' असेल तर त्याच्या मागे जायला जागाच नाही, ते तसंच राहतं. आणि सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायम सत्याला 'राइजेस'च ठेवतात. बोलण्यातल्या इंग्रजीत 'सेड'नंतर साधा भूतकाळ अनेकदा तसाच ठेवतात आणि ते चूक नाही, पण पर्यायांत 'हॅड'वालं वाक्य असेल तर परीक्षेत तेच धरतात.

सोनचाफा: माझा प्रश्न मराठी व्याकरणाचा आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. मग इंग्रजीत करताना ते पॅसिव्हच होणार ना?

रेघोट्या: नाही. तिथे क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, म्हणून कर्मणी. पण इंग्रजीत ते 'राम एट अ मँगो', ॲक्टिव्हच. पॅसिव्हच्या जवळचं म्हणाल तर 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. दोन विषयांचे पेपर एकत्र आले की हा घोळ होतो, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

निळीशाई: बाहेरून आत बघायची सवय लावते. एक शेवटचं: "ही पुट द बुक ऑन द टेबल." इथे 'इज पुट' की 'वॉज पुट'?

रेघोट्या: 'वॉज'. वर्तमान असता तर 'ही'बरोबर 'पुट्स' आलं असतं. कट, पुट, हिट, सेट यांची रूपं बदलत नाहीत, तेव्हा हा न दिसणारा 'एस'च काळ सांगतो.

वाटसरू: आणि कर्ता 'दे' असेल तर? "दे कट द ट्रीज." मी सोडवलेल्या एका संचात 'आर कट' आणि 'वेअर कट' दोन्ही पर्याय होते. उत्तर 'वेअर' दिलंय, कारण काहीच नाही.

रेघोट्या: वाक्यात 'यस्टरडे' किंवा 'एव्हरी इयर' असं काही नसेल तर दोन्ही बरोबर आहेत. तो प्रश्नच सदोष. अशा प्रश्नावर हरकत नोंदवता येत असेल तर नोंदवा.

वाटसरू: तो घरी सोडवायचा संच होता. खऱ्या पेपरात असं आलं तर काय खूण करायची?

सोनचाफा: मलाही हेच विचारायचं होतं. कुणाच्या पेपरात आलं असेल तर उत्तरतालिकेत काय दिलं होतं ते इथे लिहा.