मदत हवी आहे: शिडाची बोट समोरच्या वाऱ्याविरुद्ध पुढे जातच नाही

तळ्यातमळ्यात
चार रविवार लेझर ही छोटी शिडाची बोट शिकतोय, पुण्याजवळच्या एका तलावात. वाऱ्याबरोबर मस्त पळते. परत येताना मात्र वारा समोरून. सगळे म्हणतात पंचेचाळीस अंशात ठेव, टॅक करत, म्हणजे वारा एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने घेत नागमोडी ये. ठेवलं. शीड गच्च ओढलं. पाऊण तास या काठावरून त्या काठावर केलं आणि ज्या बाभळीसमोरून निघालो त्याच बाभळीसमोर! शेवटी ओढून आणलं. समोरचा वारा बोटीला पुढे नेतोच कसा, हे तरी कुणी सांगा. मला हे थोतांड वाटायला लागलंय.

मुपो_कोथरूड
सोपं आहे. शिडाची बाहेरची बाजू फुगीर असते, तिथून हवेला लांबचा पल्ला पडतो, म्हणून ती जोरात पळते आणि दाब कमी होतो. विमानाचा पंखच.

खारावारा
पंख बरोबर, लांबचा पल्ला चूक. शीड कागदासारखं पातळ, दोन्ही बाजूंची लांबी जवळपास सारखीच. शीड वाऱ्याला वळवून मागे ढकलतं आणि त्याचा उलटा धक्का शिडाला बसतो, असं समजा. फुगीर बाजूला दाब कमी होतो हे खरंच आहे.
पण तळ्यातमळ्यात, हा धक्का बराचसा आडवा असतो. वाऱ्याला भिडून चालताना पुढच्या ओढीच्या तीन-चार पट जोर बाजूला असतो. तो कोण अडवतं? डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या मधून पाण्यात सोडायची उभी फळी, किती खाली होता?

अण्णा_रेवदंडा
आमच्या आजोबांच्या होडीला असली फळी नव्हती. परबाणाला तिरकं शीड, तळात तोल राखायला दगडांचं नीरम, आणि समोरच्या वाऱ्यावर चालायची. बोटीच्या तळाची कील म्हणजे वजन हो. वजन नसेल तर बोट कलंडणारच.

खारावारा
अण्णा, कलंडू न देणं हे वेगळं काम. लेझरची फळी हलकी असते, तिथे नीरम म्हणजे बाहेर लटकणारा माणूस. आडवं सरकणं थांबवायला पाण्यात उभा पृष्ठभाग लागतो. तुमच्या होडीला तळाची लांब, खोल कणा-लाकडं असणार, त्यांनीच ते काम केलं.

तळ्यातमळ्यात
बोर्ड अर्धा वर होता. पाणी उतरलंय, काठाजवळ गाळाला घासतो. पण त्याचा काय संबंध, वारा तर वर आहे ना?

सायली_प
हे पहिल्यांदाच सांगायचं होतंत!!

खारावारा
सगळा संबंध तिथेच आहे. फळी हा पाण्यातला पंख. बोट किंचित आडवी सरकते, त्यामुळे पाणी फळीवर तिरकं येतं आणि शिडाच्या आडव्या जोराला फळी उलट ढकलते. पाणी हवेच्या आठशेपट दाट, म्हणून एवढीशी फळी पुरते. पूर्ण खाली असेल तर सरकणं चारपाच अंश.
आता तुमचा हिशेब. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यापासून ४५ अंशांत. सरकणं नसेल तर वाऱ्याकडे १०० मीटर जायला सुमारे १४० मीटर चालावं लागतं. २० अंश सरकलात तर बोट खरं तर ६५ अंशांत चालते, अंतर २३५ च्या वर. ४५ अंश सरकलात की ९०: वाऱ्याला आडवं. म्हणजे काठ ते काठ, आणि तीच बाभूळ.

तळ्यातमळ्यात
बाप रे. मागच्या पाण्याची रेघ तिरकी दिसत होती खरी, मला वाटलं सुकाणू बिघडलं.

सायली_प
ती रेघ हीच खूण. शिवाय "गच्च ओढलं" म्हणालात, तेही नडलं असणार. वेग नसताना शीड पार आत ओढलं की वारा त्याला चिकटून वाहतच नाही, आणि फळीवरचं पाणीही. मी शिकताना हेच करायचे. आधी थोडं खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर वळा, वाऱ्याला जवळजवळ आडवं. बोट पळू दे, मग हळूहळू वर, वाऱ्याकडे घ्या, तसं शीड आत घ्या. शिडाच्या पुढच्या कडेवरच्या लोकरीच्या फिती दोन्ही बाजूंनी सपाट मागे वाहायला हव्यात. वाऱ्याकडची फीत नाचली तर फार वर आलात किंवा शीड सैल आहे. पलीकडची नाचली तर उलट.

मुपो_कोथरूड
एवढं करण्यापेक्षा एक छोटी मोटर लावा ना. मासेमारीवाले लावतात.

अण्णा_रेवदंडा
मोटरीला डिझेल लागतं, वाऱ्याला नाही. आणि खारावारा, कणा-लाकूड बिकूड तुम्ही न बघता ठरवलंत. आमची होडी सपाट तळाची होती.

खारावारा
मग ती फार वर चालत नसेल. किती अंशांत, आठवतं का?

अण्णा_रेवदंडा
अंश कोण मोजत होतं? मावळायच्या आत घरी यायची.

तळ्यातमळ्यात
आज मधल्या खोल पाण्यात बोर्ड पूर्ण खाली सोडला. बाभूळ दोन टॅकमध्ये मागे पडली! काठाजवळ येताच टॅक करायचा, हे मात्र जरा उशिरा सुचलं आणि गाळात रुतलो. पण उजव्या बाजूने वारा घेताना छान वर चढते, डावीकडून घेतला की तेवढी चढत नाही. वाऱ्याचा कोन बघायला बोटीवर काहीच नाही. फळी वाकडी असेल का?

सायली_प
तुमच्या पश्चिमेला वारा वळवणारी टेकडी आहे का?